आई-बाबांकडच्या पेस्ट कंट्रोलबद्दल

ताई, फोनच करणार होतो, पण तुझ्याकडे आता मध्यरात्र असेल. सवडीने वाच, फक्त गुरुवारपर्यंत हो-नाही कळव.

परवा व्हिडिओ कॉलवर आई बोलत होती आणि तिच्या मागच्या भिंतीवर भर दुपारी झुरळ फिरत होतं. झुरळं दिवसाउजेडी दिसायला लागली म्हणजे आत बरीच झालेली असतात. विचारलं तर म्हणाली, "असतं एखादं, तू तिकडे बसून काळजी करू नकोस." मग ती आत गेल्यावर बाबांनी हळूच सांगितलं, रोज रात्री ओट्याखाली आणि फ्रिजमागे ती स्प्रे मारते. बाबांचा दमा तुला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यातला खोकला आम्ही सगळ्यांनी हवेच्या माथी मारला होता. आता माझा त्यावर विश्वास बसत नाही.

म्हणून इथूनच एका कंपनीशी बोलून वर्षाचा करार केलाय. दर तीन महिन्यांनी एक फेरी. पहिलीनंतर मात्र पंधरा दिवसांनी आणखी एकदा येतील, कारण अंड्यांच्या कोषांवर औषधाचा परिणाम होत नाही आणि त्यातून पिल्लं बाहेर येतातच. पैसे मी भरलेत. तुझ्याकडे कोणी मागितले तर देऊ नकोस, माझ्याकडे पाठव.

फवारणी नको, जेलच लावा, असं बजावून सांगितलंय. कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ बारीक ठिपके लावतात. झुरळ ते खाऊन आपल्या फटीत जाऊन मरतं, आणि मेलेल्याला खाऊन बाकीचीही मरतात. वास नाही, भांडीकुंडी बाहेर काढायला नको. तरी सिंकखालची जागा रिकामी आणि कोरडी हवी. तेवढं आदल्या दिवशी करून देशील का? आईला वाकवत नाही आणि ती तसं कबूलही करणार नाही.

खरी अडचण झुरळांची नाही, आईची आहे. तो माणूस जिना उतरायच्या आत ती ओलं फडकं घेऊन ठिपके पुसणार. किंवा वरून स्प्रे मारणार, म्हणजे झुरळं त्या जेलकडे फिरकणारच नाहीत. मी सांगितलं तर "हो हो" म्हणते, तुझं मात्र ऐकते. आणि तो स्प्रेचा डबा सरळ तुझ्या घरी घेऊन जा. "मावशी, माझ्याकडे फार झालीत, दे ना" म्हण, म्हणजे लगेच देईल. दुसरा डबा बहुतेक बाथरूममधल्या बादलीमागे आहे. पहिले काही दिवस मेलेली झुरळं जास्त दिसतील, तेही तिला आधीच सांगून ठेव. नाहीतर "तुझ्या औषधाने वाढली" असा फोन मलाच येईल.

बाथरूमच्या जाळीत फवारावं लागेल असं तो म्हणाला, तर त्याआधी बाबांना तुझ्याकडे ने. तीन-चार तास तिथेच राहू देत, मग खिडक्या उघडून घर नीट हवेशीर झाल्यावरच परत आण. इनहेलर सोबत घ्यायचा. औषधाच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो काढून मला पाठव, मी तो बाबांच्या डॉक्टरांना दाखवतो.

आणखी एक. मागच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ दिसते असं बाबा म्हणत होते. वाळवी असू शकते. त्याला दाखव, पण तोवर कोणी ती खरवडू नये, तो बघायला आला की जिवंत आहे का ते त्याला कळेल. लगेच भिंतीला भोकं पाडून औषध सोडायचं म्हणाला तर थांबव. तो वेगळा खर्च आहे आणि त्या भिंतीतून पाण्याचा पाइप जातो.

संपर्कासाठी तुझा आणि माझा नंबर दिलाय, बाबांचा मुद्दाम नाही. मागच्या वेळी दुसऱ्या एका कंपनीचा माणूस बेल वाजवून गेला, बाबांना ऐकू आली नाही, आणि कागदावर "घर बंद" लिहून फेरी संपवली. तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांना तू हवीस. पुढच्या वेळा मी रजा बघून किंवा शेजारच्या काकूंना विचारून ठरवतो, वर्षभर तुझ्या गळ्यात घालणार नाही.

पहिली फेरी येत्या शनिवारी सकाळी १० वाजता आहे. शनिवार जमत नसेल तर रविवारीही चालेल, मला गुरुवारी रात्री त्यांना कळवायचंय.