मामाला ग्रुप फोटोत घ्यायचंय

नमस्कार दादा, आचऱ्याच्या लग्नातला नवरीचा भाऊ बोलतोय. फोटो सगळ्यांना आवडले. अल्बम छपाईला गेला नसेल तर एक काम आहे. गेला असेल तर थांबवता येतो का ते आधी बघा.

आमचा मामा जहाजावर आहे. बदली माणूस वेळेत चढला नाही, म्हणून त्याला उतरता आलं नाही आणि सख्ख्या भाचीचं लग्न चुकलं. आजी परवा फोटो बघून म्हणाली, ''माझो झील फोटोत नाय, मगे तो भिंतीक कित्याक लावचो?'' तेव्हापासून आई पण गप्प आहे.

तर DSC_4127, म्हणजे मांडवात संध्याकाळी काढलेला सगळ्यांचा फोटो, त्यात मामाला घ्यायचंय. मागच्या रांगेत आजीच्या खुर्चीमागे बाबा आणि मोठे काका यांच्यामध्ये जागा आहे. काकांना थोडं उजवीकडे सरकवलंत तरी चालेल. मामा बाबांच्या कानापर्यंत येतो, त्यापेक्षा उंच करू नका.

त्याने जहाजावरून डेकवरचा फोटो पाठवलाय, पण तो भर दुपारचा, डोळ्यांखाली काळी सावली आणि अंगात बॉयलर सूट. तो नको. गेल्या गणपतीतला पडवीतला फोटो बरा वाटतो. कुर्ता आहे, उजेड डावीकडून आहे, आपल्या फोटोतही तसाच आहे. कमरेखालचा भाग कापला गेलाय, पण खुर्चीमागे उभा केला की दिसणार नाही. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो म्हणून डॉक्युमेंट करून पाठवतोय. कमी पडला तर सांगा, मामीच्या मोबाइलमधला मूळ फोटो आणतो.

एक विनंती. कोपऱ्यात गोल करून लावू नका. तसं गेलेल्या माणसाचं लावतात, आणि आमचा मामा चांगला धडधाकट आहे, गणपतीला येणार आहे. टक्कल आहे तसंच राहू दे. बाकीच्यांना फेटे आहेत म्हणून त्याला फेटा चढवलात तर आजीच ओळखणार नाही.

आणि हे फक्त या एकाच फोटोत. ताईला बोहल्यावर धाकट्या काकांनी आणलं, तिथे त्यांना पुसून मामाला उभं करू नका. आमच्याकडे एकाने तसं सुचवलंय. तुम्हाला फोन आला तर सरळ नाही म्हणा, माझं नाव सांगा.

या फोटोची 12 बाय 18 ची एक फ्रेम मिठबावला आजीकडे द्यायची आहे. अल्बममध्येही हाच टाका. जादा किती होतील ते सांगा, आजच जीपे करतो. छापायच्या आधी मला एकट्याला दाखवा, घरच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे पंचवीस जण पंचवीस दुरुस्त्या सांगतील.