विषय: एचएल-225/1500 लेथचे सुटे भाग अजून मिळतात का आणि किती दिवसांत (मशीन क्रमांक 4187, निर्मिती 1998)

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सुटे भाग व सेवा विभाग

सप्रेम नमस्कार.

आमच्या यंत्रशाळेत आपल्या कंपनीचा एचएल-225/1500 हा लेथ 1998 पासून चालू आहे. नेमप्लेटवरचा मशीन क्रमांक 4187. सेंटरची उंची 225 मिमी, दोन सेंटरमधलं अंतर 1500 मिमी. नेमप्लेटचा फोटो सोबत जोडला आहे. या मॉडेलच्या गिअरबॉक्सची रचना मध्ये कधी बदलली असेल, तर आमचं मशीन कोणत्या रचनेचं, हे कृपया क्रमांकावरून पाहावं.

मागच्या आठवड्यात हेडस्टॉकमधल्या सरकत्या जोडगिअरच्या 42 दात्यांच्या बाजूचे शेजारशेजारचे दोन दाते मुळापासून तुटले. त्याच्याशी जुळणाऱ्या, स्पिंडलवरच्या 35 दात्यांच्या गिअरचे दाते शाबूत आहेत, पण कडा झडल्या आहेत. हेडस्टॉकमधलं सगळं तेल काढून गाळलं आणि तुकडे जुळवून पाहिले. दोन्ही दाते पूर्ण सापडले, म्हणजे आत काही राहिलेलं नाही. 21 आणि 56 दात्यांची जोडी चांगली आहे. त्यामुळे मशीन बंद नाही, पण हलक्या रेंजवरच चालतं.

अडचण नेमकी तिथे आहे. हलक्या रेंजचा सर्वांत वरचा वेग मिनिटाला 350 फेरे. 40 मिमी व्यासाचा जॉब त्यावर मिनिटाला जेमतेम 44 मीटरने कापला जातो. त्या वेगाला कार्बाइड टिपवर धातू चिकटतो, फिनिश खरबरीत येतं. वरच्या रेंजला 1120 फेऱ्यांवर तोच जॉब सुमारे 140 मीटरने कापत होतो. लहान व्यासाची सगळी कामं सध्या थांबली आहेत.

आम्हाला हवे असलेले भाग खाली देत आहे. कॅटलॉग मशीनसोबत आलेलाच आहे, त्यामुळे क्रमांक जुने असतील. नवे लागू असतील तर तेच कळवावेत.

1. सरकता जोडगिअर, 42/21 दाते, 1 नग (कॅटलॉग पान 14, भाग 23). दाते सरळ, मोड्यूल 3. 42 दात्यांच्या बाजूचा बाहेरचा व्यास 132 मिमी मोजला.

2. त्याचा जोडीदार, स्पिंडलवरचा 35 दात्यांचा गिअर, 1 नग (पान 14, भाग 31). बाहेरचा व्यास 111 मिमी. झडलेल्या गिअरवर नवा गिअर चालवायचा नाही, म्हणून हे दोन्ही एकत्रच घेणार. एकच मिळत असेल तर तसं आधी सांगावं.

3. क्लचच्या घर्षण चकत्या, पुढच्या फेऱ्यांच्या बाजूचा पूर्ण संच (पान 17, भाग 8 आणि 9). समायोजनाची रिंग शेवटच्या खाचेपर्यंत आली आहे आणि जड कटला क्लच घसरतो. उलट फेऱ्यांच्या चकत्या सध्या ठीक आहेत.

4. हाफ नट, जोडी (पान 22, भाग 5). लीड स्क्रू 36 मिमी व्यासाचा, 6 मिमी पिचचा. नटातले आटे झिजून बारीक झाले आहेत. लीड स्क्रूची झीज चकजवळच्या भागात थोडी आहे, पण तो बदलण्याइतकी नाही असं आमचं मत आहे.

बेअरिंग, ऑइल सील आणि व्ही-बेल्ट आम्ही बाहेरून घेऊ, ते प्रमाणित मापाचे आहेत. मात्र 35 दात्यांचा गिअर काढायला स्पिंडल बाहेर काढावा लागणार. पुढचं बेअरिंग एनएन3014के आहे, त्याचं भोक निमुळतं, त्यामुळे नट किती आवळला यावर आतला खेळ ठरतो. हा खेळ किती ठेवायचा, ते पान आमच्या माहितीपुस्तिकेतून फाटून गेलं आहे. त्या एका पानाची प्रत मिळाली तर फार मोठी मदत होईल. अंदाजाने आवळलेलं बेअरिंग तापून जातं किंवा जॉबवर थरथरीच्या रेषा उठतात, आणि या मशीनच्या स्पिंडलवर असा प्रयोग करायची आमची तयारी नाही.

आता मुख्य विनंती. प्रत्येक भागासाठी स्वतंत्र उत्तर हवं आहे: तयार साठ्यात आहे, मागणी आली की बनवता, की बनवणं बंद झालं आहे. चारही भागांना मिळून एकच कालावधी कृपया देऊ नये. चकत्या साठ्यात असतील आणि गिअर बनवावे लागणार असतील, तर चकत्या आधी पाठवता येतील का, तेही सांगावं.

कालावधी कोणत्या दिवसापासून मोजता, हेही स्पष्ट लिहावं: ऑर्डर मिळाल्यापासून, आगाऊ रक्कम जमा झाल्यापासून, की नकाशाला आमची मंजुरी आल्यापासून? आणि तो माल तुमच्याकडून निघेपर्यंतचा आहे, की आमच्या दारात पोहोचेपर्यंतचा? दुसऱ्या एका मशीनसाठी आम्हाला एका पुरवठादाराने सहा आठवडे सांगितले होते. ते आठवडे मोजायला कधी सुरुवात झाली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही आणि भाग पाचव्या महिन्यात आला. तेव्हापासून मी हा प्रश्न आधीच विचारतो.

गिअरसाठी आम्ही आठ आठवडे थांबू शकतो. तोपर्यंतची लहान कामं दुसऱ्या मशीनवर वळवली आहेत. त्याहून जास्त लागणार असतील किंवा हे गिअर बंद झाले असतील, तर सरळ नाही म्हणावं, त्याचं वाईट वाटणार नाही. मग आम्ही ते बाहेरून बनवून घेऊ. त्यासाठी नकाशा मिळाला तर उत्तमच. नकाशा देणं कंपनीच्या धोरणात बसत नसेल तर निदान एवढं कळवावं: स्टीलची प्रत, दात्यांच्या पृष्ठभागाची कठीणता आणि कडक थराची खोली, दाते ग्राइंड केलेले आहेत का, आणि प्रोफाइलमध्ये काही सुधारणा आहे का. दात्यांची संख्या आणि व्यास आम्ही मोजू शकतो, पण या गोष्टी तुटलेल्या गिअरवरून खात्रीने काढता येत नाहीत. नंतरच्या एखाद्या मॉडेलचा गिअर किंवा हाफ नट इथे बसत असेल तर तोही चालेल.

हे भाग अजून बनत असतील पण लवकरच बंद होणार असतील, तर शेवटची ऑर्डर कधीपर्यंत घेणार ते कळवावं. तसं असेल तर गिअरची जोडी आणि हाफ नट आम्ही दोन-दोन घेऊन ठेवू.

दरपत्रकात प्रत्येक भागाची किंमत, कमीत कमी किती नग घ्यावे लागतील, हमी आणि दर किती दिवस लागू राहील, हे असावं. या मेलवरच दहा दिवसांत उत्तर मिळालं तर बरं होईल. सगळी माहिती एकदम जमत नसेल तर निदान गिअरचं आधी कळवावं.

बेडची झीज आम्ही गेल्याच वर्षी तपासली, ती अजून मर्यादेत आहे. हा लेथ आणखी बरीच वर्षं काम देईल याची आम्हाला खात्री आहे, आणि त्याला मूळ भागच मिळावेत अशी मनापासून इच्छा आहे.

सोबत: नेमप्लेट, तुटलेला गिअर (मापपट्टीसह), 35 दात्यांचा गिअर, क्लचची रिंग आणि हाफ नट यांचे फोटो, कॅटलॉगच्या पान 14, 17 आणि 22 च्या प्रती.

आपला विश्वासू,
देखभाल विभागप्रमुख, यंत्रशाळा