अण्णा-आईचा खर्च आणि आपल्या पाळ्या

विनय,

फोनवर बोलायला घेतलं की तुला मीटिंग असते नाहीतर माझ्या शेजारी आई बसलेली असते, म्हणून लिहून पाठवते. सवडीने वाच, पण पूर्ण वाच. आणि स्नेहललाही वाचायला दे.

अण्णांचा डावा हात अजून उचलत नाही. फिजिओथेरपीवाले म्हणतात सुधारणा आहे, पण सावकाश. कडक भाकरी मागतात, चावत नाही, मग आमटीत कुस्करून द्यावी लागते आणि त्यावरूनही चिडतात. आईची शुगर आहेच, गुडघेही गेलेत. मागच्या महिन्यात तिने अण्णांना बीपीची गोळी दोनदा दिली. दोन्ही पाकिटं लाल, चष्मा कुठेतरी राहिलेला, सकाळचं काय नि रात्रीचं काय! आता मी दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवते. हे काम तिच्यावर सोडून चालणार नाही.

आता पैशाचं. दिवसभराच्या मावशींना १२,००० रुपये, दोघांची औषधं ४,८००, फिजिओ ३,६००, डायपर आणि बाकी सटरफटर २,६००. महिन्याला २३,००० होतात. अण्णांची फंडाची पेन्शन आणि वरच्या खोलीचं भाडं किराणा, गॅस आणि लाइट बिलातच संपतं. तू मधूनमधून पाच हजार टाकतोस, ते पोचतात. पण मावशींचा पगार मधूनमधून नसतो.

तर निम्मे, म्हणजे ११,५०० रुपये, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आईच्या खात्यावर टाक. त्या खात्यावर माझंही नाव आहे, सगळा खर्च तिथूनच करीन आणि हिशोब महिन्याला तुला पाठवीन. तुझ्या फ्लॅटचे हप्ते आणि ओवीची फी मला माहीत आहे. एकदम जमत नसेल तर किती जमेल ते सांग, पण आकडा ठरव आणि तो पाळ. औषधं तू तिकडून ऑनलाइन मागवलीस तरी चालेल. दोघांचा आरोग्य विमा नाही, त्यामुळे तू जुन्या करप्रणालीत असशील तर त्यांच्या औषधपाण्याच्या खर्चावर वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते. फक्त पैसे रोखीने द्यायचे नाहीत. तुझ्या सीएला विचार.

आयुष्मानचं म्हणालास, ते कार्ड मी काढलंय. सत्तरच्या पुढच्यांना पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, खरंय, पण ते दवाखान्यात दाखल केल्यावर. घरातली मावशी, डायपर आणि रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

पैशापेक्षा मला अंगमेहनतीचं जास्त बोलायचंय. जुळे सोलापुरातून पेठेत रोज संध्याकाळी येते. मावशी गेल्या की अण्णांना झोपवेपर्यंत थांबते, मग घरी जाऊन स्वयंपाक. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी वेगळीच कसरत. चार-पाच दिवसांचं भरून ठेवायचं आणि येण्याची वेळ कधी धड नसते. यांनी कधी एक शब्द काढला नाही, पण सासूबाईंनाही आता माणूस लागतं.

म्हणून महिन्यातला एक शनिवार-रविवार तुझा. शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा धरलीस तर रात्री इथे, सोमवारी सकाळच्या हुतात्माने परत. ते दोन दिवस मी तिकडे फिरकणारही नाही. अण्णांची अंघोळ, डायपर, सगळं तू करायचं. पहिल्यांदा त्यांना लाज वाटेल, तुलाही वाटेल. दुसऱ्यांदा वाटणार नाही. आणि जानेवारीत गड्ड्याच्या वेळी मावशी आठवडाभर गावी जातात, तेव्हा तू रजा टाक. आत्ताच टाकलीस तर मिळेल.

पुण्यातून होण्यासारखंही पुष्कळ आहे. डॉक्टरांची वेळ घेणं, रिपोर्ट नीट लावून ठेवणं, औषधं संपायच्या आत मागवणं, हे आजपासून तू घे. आई-अण्णांना तिकडे न्यायचा विषय सध्या नको. अण्णा ही गल्ली सोडून राहणार नाहीत, तुलाही ठाऊक आहे.

घराचाही विषय यात आणू नको. ते दोघं आहेत तोवर त्यांचं घर, पुढचं काय ते त्यांनी ठरवावं. मला त्यातलं काही नको म्हणून मी हे करत नाही, आणि हवं म्हणूनही नाही.

रविवारी दुपारी तीन वाजता फोन कर, मी माझ्या घरी असेन. स्नेहललाही बसव, कारण महिन्यातले दोन दिवस तिचेही मोडणार आहेत. आईच्या फोनवर मात्र यातलं काही बोलू नको. तिच्या कानावर गेलं की लगेच सुरू होईल, 'आम्हाला आश्रमात टाका', आणि मग दोन दिवस जेवणार नाही.

ताई