एकल चित्रप्रदर्शनासाठी अर्जित रजा मिळण्याबाबत

दिनांक : १५ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. उपअधीक्षक, भूमी अभिलेख, वाई

विषय : दि. २ ते १० फेब्रुवारी २०२६ या ९ दिवसांची अर्जित रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या कार्यालयात भूकरमापक आहे. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत ३ ते ९ फेब्रुवारी या आठवड्यात माझ्या जलरंगचित्रांचे पहिले एकल प्रदर्शन आहे. यासाठी मी २०२१ मध्ये अर्ज केला होता. तिथला आठवडा मंगळवार ते सोमवार असा ठरलेला असतो, त्यामुळे कामाचे दिवस टाळणे माझ्या हातात नाही. हा आठवडा सोडला तर पुन्हा रांगेत शेवटी उभे राहावे लागेल.

एकूण ३२ चित्रे आहेत. धोम, पसरणी, मांढरदेवच्या पायथ्याची शेते, दगडी बांध, पावसानंतरची कृष्णा. मोजणीला गेल्यावर जे पाहिले, तेच रविवारी घरी बसून काढले. कार्यालयीन नकाशा किंवा अभिलेख यांपैकी काहीही चित्रांत वापरलेले नाही.

२ तारखेला चित्रे टेम्पोने नेऊन संध्याकाळी मांडणी करायची आहे आणि १० तारखेला परत आणायची आहेत. गॅलरी सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडी असते. एकल प्रदर्शनात येणारा माणूस चित्रासमोर थांबून चित्रकारालाच विचारतो, म्हणून उद्घाटनापुरते जाऊन परतणे मला पटत नाही. आजारपणाचे कारण लिहून रजा घेणेही मनाला पटले नाही. खरे कारण आपल्यासमोर ठेवून मागत आहे.

कामाबाबत : फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्याकडे ६ मोजणी प्रकरणे येतात. त्यांपैकी कोर्टवाटपाचे एक मी २८ जानेवारीपूर्वी मोजून देईन. उरलेल्या पाचांच्या नोटिसा अजून निघालेल्या नाहीत, त्यामुळे तारखा ११ फेब्रुवारीनंतर लावल्यास खातेदार आणि लगतचे कब्जेदार यांना हेलपाटा पडणार नाही. आवक अर्ज पाहण्यास माझे सहकारी भूकरमापक तयार आहेत. त्यांचे लेखी संमतिपत्र जोडले आहे. जानेवारीचा मासिक गोषवारा मी ३० तारखेलाच सादर करीन. रोव्हरही त्याच दिवशी जमा करीन.

चित्रे विकली गेल्यास त्या रकमेची माहिती, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार आवश्यक असेल त्याप्रमाणे, कार्यालयाला लेखी देईन.

रजेला जोडून येणाऱ्या ३१ जानेवारी व १ फेब्रुवारी या सुट्ट्यांचा लाभ मिळावा, ही विनंती. मी ११ फेब्रुवारीला सकाळी हजर होईन. टेम्पो आणि फ्रेमवाल्याची आगाऊ रक्कम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात द्यायची असल्याने तोपर्यंत निर्णय कळला तर फार मदत होईल.

साहेब, आपण आणि कार्यालयातील सर्वांनी जमल्यास शनिवार-रविवारी जरूर यावे. ज्या गावांत आपण रोज फिरतो, ती तिथे भिंतीवर आहेत.

आपली विश्वासू,
स. रा. माने
भूकरमापक

सोबत : १) विहित नमुन्यातील रजा अर्ज २) गॅलरीचे आरक्षणपत्र ३) सहकाऱ्याचे संमतिपत्र