बाबांसाठी सुरक्षा योजना : एकट्याने राहताना रक्तातील साखर कमी झाल्यास

ही योजना बाबांसाठी आहे आणि त्यांच्या मदतीला जो कोणी घरात येईल त्याच्यासाठीही आहे. बाबांचे वय ७६ वर्षे असून त्यांना टाइप २ मधुमेह आहे आणि ते घरात एकटे राहतात. ते सकाळी न्याहारीच्या आधी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅमची एक गोळी, दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल आणि रात्री ९ वाजता ग्लार्जिन इन्सुलिनचे १४ युनिट घेतात. यांपैकी ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन ही दोन औषधे साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतात. त्यांना कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही.

साखर घसरली की मेंदूला पुरेसे ग्लुकोज मिळत नाही आणि माणसाची निर्णय घेण्याची शक्तीच मंदावते. सोबत कोणी असेल तर ते त्याच्या लक्षात येते, पण एकट्या माणसाला आपले बोलणे अडखळते आहे हे कळेलच असे नाही. म्हणून त्या वेळी काय करायचे याचे सगळे निर्णय डॉक्टरांशी बोलून आधीच घेतले आहेत. प्रसंग आला की विचार न करता फक्त इथे लिहिल्याप्रमाणे वागायचे आहे.

कोणाला आणि कोणत्या क्रमाने फोन करायचा

बाबा शुद्धीवर नसतील, गिळू शकत नसतील, त्यांना झटके येत असतील किंवा ते पडून डोक्याला मार लागला असेल, तर सर्वांत आधी ११२ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी आणि "मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात, साखर कमी झालेली असू शकते" हे तीन भाग स्पष्ट सांगावेत. घरच्यांना कळवणे त्यानंतर.

इतर वेळी बाबांच्या फोनवरील २ चे बटण दाबून धरल्यास मला, म्हणजे मुलीला, फोन लागतो. ३ च्या बटणावर समोरच्या काकू आहेत. त्यांच्याकडे घराची किल्ली आहे आणि त्या दोन मिनिटांत पोहोचू शकतात, म्हणून दिवसा असो वा रात्री, प्रत्यक्ष मदत हवी असेल तर पहिला फोन काकूंनाच करावा. ४ वर दादा आहे, तो दुसऱ्या गावी असला तरी फोनवर थांबून बोलत राहू शकतो. ५ वर डॉक्टरांचे क्लिनिक आहे, तिथे औषधांविषयीचे प्रश्न विचारावेत. मात्र क्लिनिकचा फोन लागण्याची वाट पाहत साखर द्यायचे थांबू नये. हे सगळे क्रमांक पूर्ण स्वरूपात फोनच्या मागे चिकटवलेल्या कार्डावर आहेत.

बाबा, काकूंना फोन केलात की खुलासा करत बसू नका. "साखर कमी झाली आहे, या" एवढेच वाक्य पुरेसे आहे. काकूंना संकोच वाटणार नाही आणि तुम्हीही तो बाळगू नका. मध्यरात्री उगीच उठवले असे नंतर वाटले तरी चालेल, न उठवल्याची किंमत फार मोठी असू शकते.

साखर कमी झाल्याची लक्षणे

मीटरवर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आकडा आला, तर बरे वाटत असले तरी साखर कमी आहे असे धरायचे. ५४ पेक्षा कमी आकडा गंभीर समजायचा. बहुतेक मीटरवर आकड्याऐवजी LO असे उमटले तर साखर मीटरला मोजता येण्याच्याही खाली गेली आहे असा त्याचा अर्थ असतो, आणि अशा वेळी ग्लुकोज घेऊन लगेच काकूंना बोलवायचे.

सर्वसाधारणपणे आधी हात थरथरतात, छाती धडधडते, घाम येतो, एकदम भूक लागते आणि ओठांभोवती मुंग्या येतात. परंतु बाबांच्या बाबतीत या यादीवर विसंबता येणार नाही, कारण मेटोप्रोलॉलमुळे थरथर आणि धडधड दबून राहते. घाम मात्र त्या औषधानेही थांबत नाही, म्हणून उकडत नसताना आलेला गार घाम ही त्यांच्यासाठी सर्वांत विश्वासाची खूण आहे. त्याखेरीज वयोमानाने ही लक्षणे मुळातच पुसट होतात आणि त्यांच्या जागी गोंधळ, चिडचिड, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे, अंधूक दिसणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे अशा गोष्टी दिसतात. "आज जरा दमलेत" किंवा "वय झालं" म्हणून याकडे दुर्लक्ष होऊ शकते, तसेच पक्षाघाताचीही शंका येऊ शकते. म्हणून असे काही दिसताच साखर तपासावी. साखर ७० किंवा त्याहून अधिक असूनही तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे दिसत असेल, तर ताबडतोब ११२ वर फोन करावा.

झोपेत साखर घसरल्यास भीतिदायक स्वप्ने पडतात, कपडे घामाने भिजतात आणि सकाळी डोके दुखते. अशी सकाळ उगवली तर ती वहीत नोंदवून त्याच दिवशी क्लिनिकला कळवावी, कारण रात्रीच्या इन्सुलिनचे प्रमाण बदलण्याची गरज असू शकते.

बाबा, साखर कमी वाटली तर तुम्ही काय करायचे

आधी खाली बसा. मीटर हाताशी असेल तर तपासा, नसेल किंवा हात थरथरत असेल तर न तपासताच ग्लुकोज घ्या. शंका चुकीची ठरली तरी एका वेळच्या ग्लुकोजने नुकसान होत नाही, उशिराने मात्र होते. लाल झाकणाच्या डबीतील प्रत्येक पुडीत १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर मोजून भरली आहे. एक पुडी अर्धा पेला पाण्यात ढवळून प्या, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर १५ मिनिटांचा गजर लावा आणि काकूंना फोन करा. गजर वाजल्यावर पुन्हा तपासा. आकडा अजून ७० पेक्षा कमी असेल तर दुसरी पुडी घ्या आणि आणखी १५ मिनिटे थांबा. दोन पुड्यांनंतरही आकडा ७० च्या वर गेला नाही, तर ११२ वर फोन करा. आकडा वर आला आणि जेवणाला वेळ असेल, तर दूध आणि दोन बिस्किटे घ्या, नाहीतर साखर पुन्हा खाली येऊ शकते. चॉकलेटने काम होणार नाही, त्यातील चरबीमुळे साखर रक्तात हळू पोहोचते.

डबीत साधी साखर न ठेवता ग्लुकोजच ठेवले आहे, त्याला कारण आहे. पुढे कधी डॉक्टरांनी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज सुरू केले तर साध्या साखरेचे पचन लांबते, ग्लुकोजला ती अडचण येत नाही. अशा तीन डब्या आहेत : एक पलंगाशेजारी, एक स्वयंपाकघरात आणि एक फिरायला जातानाच्या पिशवीत.

बरे वाटल्यानंतरही त्या दिवशी तुम्ही एकटे राहायचे नाही. ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असल्यास आणखी लांबतो, त्यामुळे सावरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. काकू किंवा मी सोबत थांबू, दर दोन तासांनी साखर तपासू आणि पुढची गोळी किंवा इन्सुलिन घेण्याआधी क्लिनिकला विचारू.

घरात येणाऱ्या मदतनीसासाठी

"बरे आहात ना?" असे विचारू नका, साखर कमी असलेला माणूस सवयीने "हो" म्हणतो. साखर तपासा किंवा त्यांना आजचा वार विचारा. ते चिडले किंवा ग्लुकोज नको म्हणाले तर ते साखर घसरल्यामुळे असू शकते, वाद न घालता शांतपणे पेला हातात द्या.

ते बेशुद्ध असतील किंवा धड गिळत नसतील, तर तोंडात पाणी, साखर, मध, काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. इन्सुलिन अजिबात देऊ नका. ११२ वर फोन करा, त्यांना कुशीवर वळवा आणि श्वास चालू आहे याकडे लक्ष ठेवा. श्वास थांबल्यास फोनवर सांगतील त्याप्रमाणे छातीवर दाब द्या. पलंगाशेजारच्या कप्प्यात साखर वाढवणारे १ मिलिग्रॅम ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन आहे. काकूंना ते द्यायला नर्सने शिकवले आहे, इतरांनी मात्र त्यात वेळ घालवू नये. इंजेक्शननंतर उलटी होऊ शकते, म्हणूनही कुशीवर ठेवणे महत्त्वाचे आहे. ते शुद्धीवर आले तरी रुग्णालयात न्यायचेच.

रोजची शिस्त

साखर सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपण्यापूर्वी तपासायची. डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा सकाळी ९० ते १५० आणि झोपताना १०० ते १८० अशी आहे. झोपताना १०० पेक्षा कमी आकडा असेल तर दूध-बिस्किटे घेऊन मला फोन केल्याशिवाय झोपू नका. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, कारण बोटाला लागलेला गोड कण आकडा खोटाच वाढवतो आणि तो खोटा दिलासा धोक्याचा असतो. बोटाच्या कडेला टोचा, पट्ट्यांची बाटली लगेच बंद करा आणि वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका.

इन्सुलिन घेतल्याबरोबर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करा. घेतले की नाही अशी शंका आली आणि खूण नसली, तरी स्वतःच्या निर्णयाने दुसऱ्यांदा घेऊ नका, मला फोन करा. एक डोस चुकला तर साखर वाढेल, पण दोनदा घेतला तर तीच रात्र जीवावर बेतू शकते. उलटी, जुलाब किंवा अन्नावरची वासना गेल्याच्या दिवशी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेण्याआधी क्लिनिकला विचारा. आकडा दोनदा ३०० च्या वर आला तरी विचारा, आणि त्यासोबत सतत तहान, उलटी किंवा गुंगी असेल तर थेट ११२ वर फोन करा.

मी रोज सकाळी साडेसातला फोन करून उपाशीपोटीचा आकडा विचारेन. फोन उचलला गेला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा करेन, आणि तोही उचलला नाही तर काकू लगेच किल्लीने दार उघडून आत येतील. ही पद्धत चालायची तर रात्री दाराला आतून कडी लावता कामा नये, फक्त किल्लीचे कुलूप पुरे. न्हाणीघराची कडीही आतून लावायची नाही. बाबा, ही गोष्ट तुम्हाला आवडत नाही हे मला माहीत आहे, तरीही बंद कडीमुळे मदत दाराबाहेर अडकू नये म्हणून एवढे ऐका. फोन गळ्यातल्या दोरीला असू द्या, न्हाणीघरातसुद्धा.

फिरायला निघण्यापूर्वी साखर १०० पेक्षा कमी असेल तर आधी काही खा. मधुमेह आणि इन्सुलिनची नोंद असलेले कार्ड पाकिटात ठेवा. साखर कमी झाल्याच्या दिवशी वाहन चालवू नका.

या योजनेची एक प्रत फ्रिजच्या दारावर, एक काकूंकडे, एक दादाकडे आणि एक क्लिनिकमधील कागदपत्रांत आहे. औषध किंवा त्याचे प्रमाण बदलले की चारही प्रती त्याच आठवड्यात बदलायच्या आणि जुन्या फाडून टाकायच्या, आणि ते काम माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ग्लुकोजच्या पुड्या, पट्ट्यांची आणि ग्लुकॅगॉनची मुदत आणि काकूंकडची किल्ली कुलपाला लागते की नाही हे स्वतः तपासेन.