विषय: माईंवरची फिल्म – गुरुवारची फाइल रविवारी आली, तीही उभी

सौरभ, सप्रेम नमस्कार.

रविवारचा कार्यक्रम झाला त्याच रात्री लिहायला बसले होते, पण थांबले. आधी आपले सगळे मेल आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप परत पहिल्यापासून वाचून काढले. माझ्याकडून काही अर्धवट किंवा उलटसुलट सांगितलं गेलं होतं का, एवढंच बघायचं होतं. तसं काही सापडलं नाही, म्हणून आज मंगळवारी, 2 डिसेंबरला, हे लिहिते आहे.

3 नोव्हेंबरच्या मेलमध्ये मी कळवलं होतं: मुख्य फिल्म 11 मिनिटांची, आडवी, 16:9, 1920 × 1080, सेकंदाला 25 फ्रेम. तिच्यातल्याच तुकड्यांच्या 3 रील, उभ्या, 9:16, प्रत्येकी 30 सेकंदांच्या. रील 5 डिसेंबरपर्यंत आल्या तरी चालतील, पण फिल्म गुरुवारी 27 नोव्हेंबरला संध्याकाळी 6 पर्यंत हवी. त्यावर तुमचं उत्तर आहे, "ओके ताई, नोट केलं." दुसऱ्या दिवशी मी निम्मे पैसे, 24,000 रुपये, पाठवले. 20 तारखेला तुम्ही दाखवलेला कच्चा कट आडवाच होता. म्हणजे फिल्म कशी हवी हे तुम्हाला कळलं नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

गुरुवारी 6 वाजले, फाइल आली नाही. सव्वासातला मी फोन केला तेव्हा "एक्स्पोर्ट लागलंय, तासाभरात पाठवतो" म्हणालात. शुक्रवारी माझे चार फोन गेले, एकही उचलला गेला नाही. शनिवारी सकाळी 11 ते 1 भरत नाट्य मंदिरात तांत्रिक तालीम होती. एलईडी वॉलचा ऑपरेटर तेवढ्यासाठी येऊन बसला होता आणि आम्ही त्याला तुमचा जुना कच्चा कट लावून दाखवला, कारण दुसरं काही हातात नव्हतं. शनिवारी रात्री 10 वाजता तुमचा निरोप आला, "रात्रीत पाठवतो". लिंक आली रविवारी सकाळी 8 वाजून 20 मिनिटांनी. कार्यक्रम त्याच संध्याकाळी साडेपाचला होता. 62 तासांचा उशीर झाला आणि त्यातले बरेचसे तास मला नक्की काय चाललंय हेच माहीत नव्हतं.

उशीर एकवेळ मी गिळला असता. आजारपण येतं, मशीन बंद पडतं, वीज जाते. पण गुरुवार मी उगाच सांगितला नव्हता. फाइल आल्यावर ती शांतपणे पाहावी, चूक असेल तर तुम्हाला दुरुस्त करायला शुक्रवार मिळावा आणि शनिवारी ती पडद्यावर लावून बघावी, यासाठी ते तीन दिवस ठेवले होते. तेच तीन दिवस गेले आणि म्हणून पुढची चूक दुरुस्त करायला कुणाच्याच हातात काही उरलं नाही.

फाइल उतरवून उघडेपर्यंत 9 वाजून गेले होते. तिचं नावच `Mai_Final_1080x1920.mp4` असं होतं. पाठवण्याआधी नुसतं नाव वाचलं असतं तरी लक्षात आलं असतं.

आकडे उलटले एवढाच हा प्रश्न नाही. 16:9 च्या चित्रातून पूर्ण उंचीचा 9:16 तुकडा कापला की रुंदीचा तिसरा हिस्साही उरत नाही, जेमतेम 32 टक्के उरतो. मुलाखतीत एकट्या माणसाचा चेहरा असेल तर ते खपून जातं. पण कथकमध्ये रांग असते, अंतर असतं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात चक्कर घेत जाणं असतं. तराण्यात मुली दोन्ही बाजूंनी आत येतात. तुमच्या फाइलमध्ये त्या कुठून येतात तेच दिसत नाही, एकदम मधोमध उगवतात.

आणि वाड्यातला तो प्रसंग. तुम्ही स्वतः त्या दिवशी तिथे होतात. चौकात सात मुली तत्कार करतायत, डाव्या काठाला झोपाळ्यावर माई बसल्या आहेत, हाताने ताल धरून पढंत करतायत. कॅमेरामनने ती चौकट लावायला अर्धा तास घेतला होता, कारण मला एकाच चित्रात दोघी हव्या होत्या, बोल म्हणणारी आणि त्या बोलांवर पाय टाकणाऱ्या. 82 व्या वर्षी माईंनी ती पढंत सलग म्हटली, मध्ये श्वास घ्यायलाही थांबल्या नाहीत. उभ्या फाइलमध्ये मधल्या तीन मुली उरल्या. उरलेल्या चार गेल्या आणि माई पूर्ण गेल्या. त्यांच्यावरच्या फिल्ममध्ये, त्यांच्या आयुष्यातल्या बहुधा शेवटच्या चित्रित पढंतीत, त्यांचा फक्त आवाज आहे.

मी सव्वानऊला फोन केला तेव्हा तुम्ही साताऱ्याला लग्नाला गेला होतात आणि प्रोजेक्ट चिंचवडच्या मशीनवर होता. "ऑपरेटरला झूम करायला सांगा" म्हणालात. ते आम्ही करून पाहिलं. उभं चित्र आडव्या पडद्याच्या रुंदीला भरलं की उंचीचा तेवढाच, तिसऱ्या हिश्श्याहून कमी भाग उरतो. चेहरे धरले तर पाय जातात, पाय धरले तर चेहरे. घुंगरांचा आवाज येतोय आणि पडद्यावर कमरेच्या ओढण्या, असं ते दिसत होतं. कच्चा कट लावावा असंही ऑपरेटरने सुचवलं. पण त्यावर तुमचा वॉटरमार्क होता, आवाज तात्पुरता होता आणि शेवटची चार मिनिटं नव्हतीच. शेवटी 16 × 9 फुटांच्या, 18,000 रुपये भाड्याच्या पडद्यावर मधोमध पाच फुटांची पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळोख, अशी ती फिल्म दाखवली. नावांच्या पट्ट्यांमधली अक्षरं दोन्ही काठांना कापली गेली होती, ते वेगळंच.

माई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पढंत सुरू झाली तशी त्यांची बोटं मांडीवर ताल धरायला लागली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "अगं, आवाज माझा येतोय, पण मी कुठंय?" मी त्यांना काहीतरी सांगून वेळ मारून नेली. सौरभ, गेली 31 वर्षं मी त्यांच्याकडे शिकते आहे, त्यांच्याशी खोटं बोलायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

हेही सांगायला हवं की तुमचं संकलन मला आवडलं आहे. तुमचे कट समेवर पडतात. तिहाईचा तिसरा पल्ला संपेपर्यंत तुम्ही चित्र हलवत नाही, हे ताल न शिकलेल्या माणसाला जमत नाही. माईंच्या बोलण्यातली थांबणी तुम्ही तशीच ठेवलीत, घाईने कापली नाहीत. म्हणूनच हे काम दुसऱ्या कुणाकडे न नेता तुमच्याकडूनच नीट करून घ्यायचं आहे.

मला आता काय हवं आहे ते लिहिते. येत्या रविवारी, 7 डिसेंबरला, माईंच्या घरी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी जमणार आहेत. नाशिक, कोल्हापूर, बंगळूरहून येतायत. तिथल्या टीव्हीवर ही फिल्म पुन्हा लावायची आहे, पूर्ण, जशी घेतली होती तशी. त्यासाठी शुक्रवार 5 डिसेंबर, संध्याकाळी 6 पर्यंत 1920 × 1080 ची फाइल ड्राइव्हवर हवी. व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, तिथे चित्र दाबलं जातं. शुक्रवारचे 6 म्हणजे 6. जमणार नसेल तर बुधवारीच सांगा, शुक्रवारी नको.

काल फोनवर तुम्ही "उभ्याच्या दोन्ही बाजूंना ब्लर लावून आडवी करून देतो" म्हणालात. ते मला चालणार नाही. जे कापलं गेलंय ते ब्लरने परत येत नाही. उभ्या फाइलमधून आडवा तुकडा कापून मोठाही करू नका. 1080 रुंदीतून 16:9 चा तुकडा जेमतेम 608 उंचीचा निघतो, तो ताणला की चेहरे पिठूळ होतात. चित्र ताणून बसवणंही नको, मुली रुंद दिसतील. मूळ चित्रीकरण 3840 × 2160 चं आहे, पूर्ण चौकट तिथे शाबूत आहे. 20 तारखेच्या आडव्या टाइमलाइनवर नंतरचे बदल, रंग आणि अंतिम आवाज चढवा, नावांच्या पट्ट्या पुन्हा मांडा आणि तिथून एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्ट झाल्यावर फाइल टीव्हीवर लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा स्वतः बघा. 11 मिनिटांचंच काम आहे.

पैशांबद्दल. ठरलेले 48,000 होते, निम्मे दिलेले आहेत. उरलेल्या 24,000 मधून मी 9,000 कमी करते आहे. पडद्याच्या भाड्याचा हा अर्धा भाग, कारण त्या पडद्याचा अर्ध्याहूनही कमी उपयोग झाला. कार्यक्रमात जे गेलं त्याची किंमत मी लावत नाही, ती लावता येणार नाही. 15,000 रुपये आडवी फाइल माझ्या डोळ्यांखालून गेली की त्याच दिवशी खात्यात येतील. हा हिशोब तुम्हाला अन्याय्य वाटत असेल तर मला फोन करा, मी ऐकून घेईन. पण फोन उचलायचा नाही, असं पुन्हा करू नका.

तीन रीलसाठी मी 5 तारीख सांगितली होती, ती आता 12 करूया. आधी फिल्म. रीलमध्ये माईंचा झोपाळ्यावरचा प्रसंग उभा कापायचा असेल तर माईंवर चौकट धरा, मुली बाहेर गेल्या तरी चालतील.

आणखी एक, मूळ चित्रीकरणाची सगळी कार्डं आणि पढंतीचा वेगळा घेतलेला आवाज एका हार्ड डिस्कवर भरून द्या. डिस्क मी गुरुवारी सकाळी क्लासच्या मुलीबरोबर चिंचवडला पाठवते. तुमच्याकडची प्रत तुमच्याकडे राहू द्या, पण दुसरी प्रत आता माझ्याकडे असायला हवी.

या मेलचं उत्तर उद्या, बुधवारी, दुपारी 12 पर्यंत लेखी द्या.

वृंदा
कर्वेनगर, पुणे