घर सोडताना अविनाश आणि स्मिताला

गावभाग, सांगली
28 मे 2025

चि. अविनाश व सौ. स्मिता यांस अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोलायला गेलो की काकू मध्येच डोळ्यांना पदर लावते आणि हिशोब राहून जातो. म्हणून हे लिहून देतोय.

तुमचं डिपॉझिट एकूण 40,000. 2011 ला 25,000 दिले होते, 2016 च्या करारात आणखी 15,000. पहिली पावती पुराच्या पाण्यात गेली, पण माझी डायरी वरच्या माळ्यावर होती, तीत दोन्ही नोंदी तुमच्या सहीसकट आहेत. शंका असेल तर येऊन बघा.

त्यातून दोनच गोष्टी वजा करतोय. 31 तारखेच्या रीडिंगपर्यंतचं लाइट बिल अंदाजे 1,340, आणि ओट्याची फरशी तडकलीय तिचे 1,800 (खलबत्ता खाली ठेवून कुटायला मी चारदा सांगितलं होतं, स्मिता!). राहिले 36,860. बिल प्रत्यक्षात कमी-जास्त आलं तर तेवढा फरक देऊ-घेऊ. रंगाचे पैसे धरलेले नाहीत. चौदा वर्षांत भिंत मळणारच, ते मालकाचं काम. बाथरूमचं दार फुगलंय तेही पुरामुळं, तुमच्या माथी नको.

किल्ल्या तीन दिल्या होत्या. एक मावशींकडे आहे, तेवढी आठवणीनं परत घ्या. तिन्ही हातात आल्या की 5 जूनच्या आत पैसे अविनाशच्या खात्यावर टाकतो. गॅसचं कनेक्शन तुमच्या नावावर आहे, ते तुम्हीच मिरजेला बदलून घ्या.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनवर पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा तुमचा सगळा संसार खाली बुडालेला. तरी अविनाश, तू आधी माझ्या आईला पाठुंगळी घेऊन जिना चढलास, टीव्ही नंतर. पाणी उतरल्यावर आठ दिवस आपण दोघं खराट्यानं गाळ ओढत होतो, आणि तू त्या महिन्याचं भाडं घेऊन दारात उभा! मी घेतलं नाही म्हणून रुसलास. तो हिशोब या कागदात बसवता येत नाही.

नवा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे हे ऐकून बरं वाटलं. पावसाळ्यात रात्री उठून पायरी बघायला नको.

परसातला कढीपत्ता स्मितानं लावलेला, पण तो उपटू नका, मरेल. बुंध्याशी दोन फुटवे आलेत, ते मुळासकट काढून ठेवलेत, डब्यात घालून न्या. आणि शनिवारी सामान हलवायचं ते दुपारी जेवूनच. काकूनं पुरण शिजवायचं ठरवलंय, टेम्पोवाल्याला तीननंतरची वेळ द्या.

तुमचे,
काका